फोटोडायोड आणि ऑप-अँप: फीडबॅक रेझिस्टर किती घ्यायचा? स्वच्छ पाणी आणि गढूळ रस एकच आकडा दाखवतात

काहिलीकाठ
मंडळी नमस्कार. आमच्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काहिलीत भेंडीचं चिकट पाणी टाकलं की मळी वर येते, गुळव्या ती काढून टाकतो आणि रस निवळला की नाही हे नजरेनं ठरवतो. हे निवळणं आकड्यात धरता येईल का, म्हणून एक छोटं यंत्र जुळवतोय.

थंड केलेला, पाण्यात पातळ केलेला रस परीक्षानळीत घ्यायचा. एका बाजूला लाल एलईडी, समोर बीपीडब्ल्यू३४ फोटोडायोड. त्याचा प्रवाह एलएम३५८ ऑप-अँपनं व्होल्टेजमध्ये बदलून आर्डुइनो उनोला द्यायचा. सगळं पाच व्होल्टवर.

रेझिस्टर असा काढला: मल्टिमीटर मायक्रोअँपवर लावून डायोड थेट त्याला जोडला. नळीत डिस्टिल्ड वॉटर असताना ८.२ मायक्रोअँप आले. यापेक्षा जास्त उजेड कधी पडणार नाही. पाच व्होल्टला ८.२ मायक्रोअँपनं भागलं तर ६१० किलोओहम, म्हणून त्याखालचा ५६० किलोओहम बसवला. म्हणजे स्वच्छ पाण्याला ४.५९ व्होल्ट यायला हवेत. येतात ३.६. बरं, दुसऱ्या नमुन्याला मल्टिमीटरवर ६.९ मायक्रोअँप दिसले, त्यालाही ३.६ व्होल्टच! तिसऱ्या, चांगल्या गढूळ नमुन्याला ५.१ मायक्रोअँप आणि २.८५ व्होल्ट, ते गणिताप्रमाणे बरोबर. चूक कुठे होतेय?

उद्यमनगरी_पाना
भावा, डायोड भरला तुझा. जास्त उजेड पडला की तो तिथंच अडकतो. त्याला उलटा बायस दे, म्हणजे सरळ चालेल. आमच्या मशीनवरच्या सेन्सरला असंच केलंय.

निवांत_रंकाळा
आमच्या गल्लीतल्या दिव्यासाठी मी एलडीआर वापरलाय. अंधार पडला की लागतो, उजाडलं की बंद. तीन वर्षं झाली, एकदाही हात लावला नाही. हवं तर सर्किट पाठवतो.

काहिलीकाठ
@निवांत_रंकाळा, आभार दादा, पण मला उजेड आहे की नाही एवढंच बघायचं नाही, किती आहे ते मोजायचंय. नळीतून शंभरातला किती भाग पलीकडे पोचला, हा आकडा हवाय.

ओहमवाली
प्रयोगशाळेची उपकरणं दुरुस्त करण्यात माझी बरीच वर्षं गेली, त्यात कलरीमीटर पुष्कळ आले. उत्तर तुझ्याच तीन आकड्यांत आहे बघ.

५६० किलोओहमवर ८.२ चे ४.५९ व्हायला हवेत, ६.९ चे ३.८६ आणि ५.१ चे २.८६. शेवटचा बरोबर आला, वरचे दोन्ही ३.६ वर थांबले. डायोड भरला असता तर मल्टिमीटरवरही ८.२ आणि ६.९ असा फरक दिसला नसता. डायोड दोन्ही वेळा खरं बोलतोय. थांबलाय तो ऑप-अँप. एलएम३५८ चं आउटपुट वरच्या सप्लायपर्यंत जातच नाही, साधारण दीड व्होल्ट खाली राहतं. पाच व्होल्ट दिलेस तर साडेतीन-पावणेचारच्या वर त्याच्याकडे द्यायला काही नाही.

खात्री करायची असेल तर स्वच्छ पाणी ठेव आणि मल्टिमीटर ऑप-अँपच्या उणे पायावर लाव, काळी पिन ग्राउंडला. सर्किट नीट चालत असेल तर तिथे शून्याच्या आसपास काही मिलिव्होल्ट दिसतील, कारण तो पाय अधिक पायाच्या बरोबरीला धरून ठेवणं हेच ऑप-अँपचं काम. आउटपुट अडकलं की ही बरोबरी सुटते. मग तिथे काय दिसतं ते इथे लिही.

@उद्यमनगरी_पाना, उलटा बायस तुमच्या मशीनवर कामाचा असणार, कारण तिथे सेन्सरला झटपट उत्तर द्यायचं असतं. बायस दिला की डायोडची कपॅसिटन्स कमी होते. इथे रस काही मायक्रोसेकंदात निवळत नाही. उलट बायसमुळे अंधारातही थोडा प्रवाह गळतो, आणि तो उष्णतेनं वाढतो.

काहिलीकाठ
ताई, बघितलं. स्वच्छ पाणी: उणे ०.२४ व्होल्ट. गढूळ नमुना ठेवल्यावर उणे पाय शून्यावर आला, २ मिलिव्होल्ट.

ओहमवाली
सापडलं मग. रेझिस्टरमधून जेवढा जाऊ शकत नाही तेवढा जादाचा प्रवाह डायोड स्वतःच्याच पोटातून परत फिरवतो, म्हणून ते उणे पाव व्होल्ट.

प्रयोगवही
मी बीएस्सीला आहे, फिजिक्स. एक शंका. ऑप-अँप हवाच कशाला? डायोडला समांतर ५६० किलोओहम लावून त्यावरचं व्होल्टेज थेट आर्डुइनोला दिलं तर? ओहमचा नियम तोच आहे ना.

ओहमवाली
चांगली शंका आहे, आणि उत्तर वरच्या उणे ०.२४ मध्येच आहे. नुसता रेझिस्टर लावलास तर त्यावर तयार होणारं व्होल्टेज डायोडवरही येतं, आणि तेही त्याला चालू करण्याच्या दिशेनं. पाव-तीनदशांश व्होल्ट झाले की डायोड स्वतःच वाहू लागतो आणि आपलाच प्रवाह गिळतो. बीपीडब्ल्यू३४ वर भरपूर उजेड पाडून दोन्ही टोकं मोकळी सोडली तरी ०.३५ व्होल्टच्या आसपासच मिळतात. चार व्होल्ट येणार कुठून? शिवाय उजेड दुप्पट केला तरी ते व्होल्टेज दुप्पट होत नाही, जेमतेम थोडं सरकतं. ऑप-अँप डायोडची दोन्ही टोकं एकाच पातळीवर धरतो, त्यामुळे डायोड फक्त प्रवाह देतो, आणि तो उजेडाच्या अगदी प्रमाणात असतो.

तारजोड
मग सोपं आहे की. एलएम३५८ ला बारा व्होल्ट दे. साडेदहापर्यंत जाईल. ५६० किलोओहम तसाच राहू दे.

ओहमवाली
@तारजोड, चालेल, पण एक धोका लक्षात घे. परीक्षानळी काढून नुसती एलईडी समोर आली किंवा झाकण उघडं राहून उजेड आत शिरला, तर आउटपुट सरळ दहा व्होल्टवर जाईल आणि समोर उनोची पाच व्होल्टची पिन आहे. निदान दहा किलोओहमचा रेझिस्टर त्या पिनच्या आधी ओळीत लावल्याशिवाय असं करू नये.

मला विचारशील तर एमसीपी६००२ घे. पायांची मांडणी एलएम३५८ सारखीच, त्याच सॉकेटमध्ये बसतो. आउटपुट दोन्ही बाजूंना सप्लायच्या पंचवीसएक मिलिव्होल्टपर्यंत पोचतं. मात्र त्याला बारा व्होल्ट चुकूनही देऊ नकोस, सहाच्या वर तो चालत नाही.

दुसरं एक कारण अंधाऱ्या टोकाचं आहे. एलएम३५८ च्या इनपुट पायातून स्वतःचाच चाळीस-पन्नास नॅनोअँप प्रवाह बाहेर येतो. डायोडचे पहिले तेवढे नॅनोअँप त्याच्यातच फिटतात, आउटपुटला काहीच दिसत नाही. एमसीपी६००२ चा हा प्रवाह पिकोअँपमध्ये आहे.

काहिलीकाठ
एमसीपी६००२ आणतो. मग रेझिस्टर तोच ठेवू का? ४.५९ येतील आता.

ओहमवाली
येतील, पण इतका वर जाऊ नकोस. आधी तळ ठरव, मग छत, आणि मधल्या जागेत रेझिस्टर बसव.

तळ: अगदी काळपट नमुन्याला ऑप-अँपला शून्याजवळ जावं लागतं आणि तिथले शेवटचे पंचवीस मिलिव्होल्ट त्याला जमत नाहीत. म्हणून अधिक पाय ग्राउंडला न लावता किंचित वर उचल. पाच व्होल्टवरून १०० किलोओहम आणि खाली २.२ किलोओहम, मधल्या जोडावर ०.११ व्होल्ट मिळतात. २.२ ला समांतर एक छोटा कपॅसिटर. डायोडचा कॅथोड उणे पायाला आणि अॅनोड ग्राउंडला, जसा आहे तसाच. आता अंधारात ०.११ दिसतील. तो तुझा शून्य.

छत: सप्लाय पाच असला तरी मी साडेचारच धरते. यूएसबीवरून येणारे पाच कधी ४.८ असतात. लाल एलईडी थंड असताना जास्त उजेड देते, तापली की कमी. पहाटे गुऱ्हाळ सुरू करताना आणि दुपारी चुलवाणाशेजारी ती सारखी नसणार. ही वाढ कुठेतरी मावली पाहिजे.

```
Vout = Vref + Iph × Rf
Rf   = (4.5 − 0.11) / 8.2 µA ≈ 535 kΩ
```

हा कमाल आकडा. बाजारात त्याच्याखाली ५१० आणि ४७० किलोओहम मिळतात. मी ४७० घेईन, एक टक्का मेटल फिल्म. स्वच्छ पाण्याला ३.९६ व्होल्ट येतील आणि वर साधारण आठवा हिस्सा मोकळा राहील. ५१० नं ४.२९ येतील, तेही चूक नाही, पण जागा कमी.

तारजोड
मला हे पटत नाही ताई. चिपमध्ये दोन ऑप-अँप आहेत, दुसरा रिकामा बसलाय. पहिल्याला १०० किलोओहम ठेवा, म्हणजे ०.८२ व्होल्ट, कधीच अडकणार नाही. दुसऱ्यानं पाचपट करा. तिथे पोटेन्शिओमीटर ठेवला की हवा तेवढा गेन फिरवून घेता येतो. दर वेळी सोल्डरिंग गन कशाला काढायची?

ओहमवाली
फिरवून घेण्याचा फायदा खरा आहे. पण दोन गोष्टी बघ. रेझिस्टर पाचपट मोठा केला की सिग्नल पाचपट होतो, पण त्या रेझिस्टरचा स्वतःचा उष्णतेचा गोंगाट वर्गमुळानं वाढतो, सव्वादोन पट. म्हणून जेवढी वाढ पहिल्याच टप्प्यात घेता येईल तेवढी घ्यावी. दुसरं म्हणजे ऑफसेट. एमसीपी६००२ चा ऑफसेट साडेचार मिलिव्होल्टपर्यंत असू शकतो. तुझ्या पद्धतीनं पहिल्या टप्प्याचा ऑफसेट पाचपट होऊन पुढे जातो, बावीस मिलिव्होल्ट.

तारजोड
उनोची एक पायरीच जवळजवळ पाच मिलिव्होल्टची आहे. तो गोंगाट तिला दिसणारसुद्धा नाही. आणि ऑफसेट तर अंधारातलं वाचन वजा केलं की गेला.

ओहमवाली
या यंत्रापुरतं तुझं म्हणणं मान्य, गोंगाट उनोच्या पायरीखाली बुडेल. तरी भावाच्या रसात सहा महिने उभा राहणारा पोटेन्शिओमीटर मी बसवणार नाही. वाफ आणि चिकट हात लागले की त्याचा सरकता काटाच आधी बिघडतो.

तारजोड
मल्टिटर्न सीलबंद मिळतो. असो, मी माझा तसाच करीन.

काहिलीकाठ
एमसीपी६००२ बसवला, ४७० किलोओहम, अधिक पाय उचलला. घरी टेबलावर:
अंधार ०.११, स्वच्छ पाणी ३.९५, दुसरा नमुना ३.३५, तिसरा २.५०. तिन्ही वेगळे! उणे पाय प्रत्येक वेळी ०.११ वर.

काल रात्री गुऱ्हाळात नेलं आणि पुन्हा गोंधळ. सगळं ४.९७ वर चिकटलं. काळ्या कापडात गुंडाळलं तरी ४.४ ते ४.९७ मध्ये नाचत होतं. घरी आणलं की परत ठीक.

उद्यमनगरी_पाना
तिथं दिवा कसला आहे? पिवळा गोळा?

काहिलीकाठ
हो, जुना शंभर वॉटचा गोळा, काहिलीच्या वर. आणि चुलवाणाचं तोंड पाच-सहा हातांवर.

उद्यमनगरी_पाना
मग तेच! आमच्याकडं भट्टीजवळचा सेन्सर असाच येडा व्हायचा. भट्टीचा ताव खातो त्यो. ह्यावेळी मी बरोबर हाय बघा ताई.

ओहमवाली
शंभर टक्के बरोबर. बीपीडब्ल्यू३४ ला सगळ्यात जास्त दिसतं ते ९०० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्या डोळ्यांना न दिसणारं इन्फ्रारेड. पिवळा गोळा आणि चुलवाणाचा निखारा, दोघंही तेच भरभरून टाकतात. काळं कापड आपल्याला काळं दिसतं, पण पुष्कळ काळी कापडं आणि काही काळी प्लास्टिकं इन्फ्रारेड आरामात आत सोडतात. नळी ज्या पाइपात बसते त्या पाइपवर स्वयंपाकघरातला अॅल्युमिनियम फॉइल दोन पदरी गुंडाळ आणि नळीच्या तोंडावर धातूचं झाकण ठेव.

आता रेझिस्टरच्या प्रश्नाशी याचा संबंध बघ. बाहेरून आलेला उजेडही त्याच ४७० किलोओहममधून जातो. बाहेरचे दोन मायक्रोअँप आले तर जवळजवळ एक व्होल्ट जागा त्यांनीच खाल्ली. म्हणून कमाल प्रवाह मोजायचा तो यंत्र जिथे चालणार तिथे, घरच्या टेबलावर नाही. एलईडी बंद करून तिथे किती येतो तेही मोज. फॉइलनंतरही तो पाव मायक्रोअँपच्या खाली गेला नाही तर रेझिस्टर ३९० वर आण.

गोळ्याचा उजेड सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतो. मल्टिमीटर सरासरी दाखवतो, पण वरची टोकं छताला आपटत असतील तर ती सरासरीही खोटी. रेझिस्टरला समांतर १०० नॅनोफॅरडचा फिल्म कपॅसिटर टाक. कपॅसिटर नसताना तुझं सर्किट आपोआप डोलत नव्हतं हे नशीब. मोठा रेझिस्टर आणि डायोडची सत्तरएक पिकोफॅरड एकत्र आली की डोलणं सहज सुरू होतं.

प्रयोगवही
चुलवाणाची ज्योत तर हळूहळू हलते. ते कपॅसिटर कसं अडवणार?

ओहमवाली
नाही अडवणार. त्याला फॉइलच. उरलेलं थोडं वजा करून जातं: एलईडी बंद करून एक वाचन, चालू करून दुसरं.

```
digitalWrite(LED, LOW);   delay(400);
int andhar = analogRead(A0);
digitalWrite(LED, HIGH);  delay(400);
int ujed = analogRead(A0);
if (ujed > 940) Serial.println("JAAST UJED");
else Serial.println(ujed - andhar);
```

४०० मिलिसेकंद अशासाठी की ४७० किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड मिळून ४७ मिलिसेकंदांचा आळस येतो, त्याच्या आठपट थांबलं की वाचन बसतं. ९४० ची ओळ काढू नकोस. अडकलेल्या आकड्यातून काहीही वजा केलं तरी तो खरा होत नाही.

निवांत_रंकाळा
हे वाचून मीही एक बीपीडब्ल्यू३४ आणला, पण लाल एलईडीला तो जेमतेम काहीतरी दाखवतो. टीव्हीचा रिमोट मात्र झकास दिसतो त्याला.

काहिलीकाठ
दादा, त्याचं अंग काळं आहे का? माझा पारदर्शक आहे.

निवांत_रंकाळा
काळा आहे. मागे एफ लिहिलंय.

ओहमवाली
बीपीडब्ल्यू३४एफ. त्यावर दिवसाचा उजेड अडवणारा फिल्टर असतो, फक्त इन्फ्रारेड आत येतं. तुमच्या दिव्याला काही उपयोग नाही, बदलून घ्या.

ढेपेवाला
मी तीस वर्षं गुऱ्हाळ चालवलं. पोरा, तुझं यंत्र चांगलं आहे, पण रस निवळला म्हणजे गूळ पिवळाधमक होतोच असं नाही. उसाची जात, जमिनीतला खार, काहील किती वेळ तापली, सगळं त्यात येतं. निवळलेल्या रसाचा तांबडा गूळ मी पुष्कळदा पाहिलाय. मार्केट यार्डात दर ठरतो तो रंगावर. तुझा लाल दिवा रंग बघतो का नुसता गाळ?

काहिलीकाठ
काका, लाल उजेडात बहुतेक गाळच दिसतो. तांबूस-पिवळा रंग लाल उजेड फारसा अडवत नाही. रंगासाठी निळा लागेल असं वाटतं.

प्रयोगवही
साखरेचा रंग इक्युम्सा पद्धतीत ४२० नॅनोमीटरला मोजतात, आम्हाला शिकवलंय. जांभळट निळा.

ओहमवाली
बीपीडब्ल्यू३४ ची दृष्टी ४३० पासून सुरू होते, तीही तिथे अंधुक. साधी निळी एलईडी ४६० ते ४७० ची असते, ती लाव. पण रेझिस्टर पुन्हा काढावा लागेल. आधी मल्टिमीटर.

काहिलीकाठ
निळी लावली. फॉइल आणि धातूचं झाकण लावून गुऱ्हाळातच मोजलं. एलईडी बंद असताना मल्टिमीटर ०.० दाखवतो. स्वच्छ पाण्याला ०.९ मायक्रोअँप. ४७० किलोओहमवर ०.५३ व्होल्टच येतात.

मी असं केलं: ४.३९ ला ०.९ नं भागलं, ४.८८ मेगओहम. त्याखालचा ४.७ मेगओहम. ४.३४ व्होल्ट येतील. बरोबर?

ओहमवाली
बरोबर, फक्त वर जागा थोडी राहिली. निळी एलईडी किती सरकते ते एक दिवस बघ, गरज पडली तर ३.९ मेगओहम. कपॅसिटर आता १०० नको, १० नॅनोफॅरड कर, नाहीतर ४०० मिलिसेकंद पुरणार नाहीत. एलएम३५८ असता तर त्याच्या इनपुटच्या प्रवाहानं इथे दोन दशांश व्होल्ट खाल्ले असते. आणि ०.९ हा आकडा एका दशांशापर्यंतच आहे, मीटर २० मायक्रोअँपच्या रेंजवर जात असेल तर पुन्हा वाच.

तारजोड
माझा दोन टप्प्यांचा झाला. लाल-निळ्यासाठी फक्त स्क्रू फिरवतो. पण निळ्यावर गेन ४७ पट करावा लागला आणि अंधारातला आकडा सकाळी एक, दुपारी दुसरा येतो.

ओहमवाली
पहिल्या टप्प्याचा ऑफसेट तापमानानं सरकतोय, ४७ पट मोठा होऊन दिसतोय. निळ्यापुरता तरी पहिला रेझिस्टर एक मेगओहम करून बघ.

तारजोड
करून बघतो. पोटेन्शिओमीटर मात्र ठेवणार.

काहिलीकाठ
चार दिवस चालवलं. ४.७ मेगओहम, १० नॅनोफॅरड. स्वच्छ पाणी पहाटे ४.४१, दुपारी ४.२६. मळी काढण्याआधीचा रस निळ्यात ०.५ च्या आसपास, काढल्यावर दीडपर्यंत. पण कालपासून अंधारातला आकडा ०.११ चा ०.३८ झालाय, फॉइल जागेवर आहे, आणि डायोडवर बोट ठेवलं तरी उतरत नाही.

ओहमवाली
उजेड नाही तो मग. ०.२७ व्होल्ट भागिले ४.७ मेगओहम, ५७ नॅनोअँप कुठून तरी गळतायत. बोर्डावर रस उडाला का? उणे पायाच्या शेजारून ग्राउंडचा ट्रॅक जात असेल तर तिथे बघ. वाळलेला रस हवेतला ओलावा ओढतो आणि मेगओहमच्या सर्किटमध्ये रस्ता करून देतो.

काहिलीकाठ
भिंगानं बघितलं. उणे पाय आणि ग्राउंड यांच्यामध्ये तपकिरी डाग आहे, नख लावलं तर चिकट लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशनं घासलं, पंख्याखाली तासभर वाळवलं. ०.११.

ढेपेवाला
बाळा, उद्या आमच्याकडे को ८६०३२ चा ऊस गाळतोय. मळी काढायच्या आधीचा आणि नंतरचा रस बाटलीत भरून ठेवतो. त्याच काहिलीच्या गुळाचा रंग शेजारी ठेवून दोन्ही आकडे बघू, मग सांगतो मला पटतं का.